गुणोत्तरातून वर्गसमीकरण : उत्तर आले, पण ताळा कुठे पाहिला?

झेरॉक्सच्या दुकानात ए-३ आकाराचा नकाशा ए-४ कागदावर काढून मागितला, की दुकानदार मशीनवर ७१ टक्के हा आकडा निवडतो. काही मशीनवर तो ७० असतो. उलट ए-४ चा ए-३ करायचा असेल, तर १४१ टक्के. प्रत नीट येते, नकाशाची कड कापली जात नाही आणि एका बाजूला पांढरी पट्टीही उरत नाही. पण कोर्टकचेरीतला लांबडा लीगल कागद अर्ध्या आकाराच्या कागदावर उतरवायला गेले, तर लहान करण्याची टक्केवारी काहीही घेतली तरी तो नीट बसत नाही. एक तर मजकूर कापला जातो, नाहीतर कडेला मोकळी जागा राहते.

हा फरक मशीनमुळे पडत नाही, कागदाच्या दोन बाजूंच्या गुणोत्तरामुळे पडतो. ७१ आणि १४१ हे आकडे एका छोट्या प्रमाणातून निघतात. त्या प्रमाणात तिरकस गुणाकार केला की वर्गसमीकरण उभे राहते. नववी-दहावीच्या पुस्तकात गुणोत्तर-प्रमाण आणि वर्गसमीकरणे ही दोन निराळी प्रकरणे असतात, त्यामुळे ती कुठे जोडली जातात याकडे लक्ष जात नाही. ती जोडली जातात ती तिरकस गुणाकारात, आणि तिथेच उत्तराची खरी तपासणीही लागते. या लेखात त्या तपासणीबद्दलच मुख्यतः लिहायचे आहे.

आधी कागद. आपल्याला असा आयत हवा आहे, की तो मधोमध दुमडला तरी त्याची ठेवण तीच राहावी, फक्त आकार लहान व्हावा. लहान बाजू १ माना आणि लांब बाजू क्ष. लांब बाजू अर्धी दुमडली की नव्या कागदाच्या बाजू होतात १ आणि क्ष/२. आता १ ही लांब बाजू झाली आणि क्ष/२ ही लहान. ठेवण तीच राहायची, तर लांब बाजूचे लहान बाजूशी गुणोत्तर दोन्ही कागदांत सारखे हवे :

क्ष : १ = १ : क्ष/२

कडेच्या दोन पदांचा गुणाकार मधल्या दोन पदांच्या गुणाकाराइतका, हा प्रमाणाचा नियम. कडेला आहेत क्ष आणि क्ष/२, मध्ये १ आणि १. म्हणून

क्ष²/२ = १, म्हणजे क्ष² = २.

या समीकरणाला दोन उत्तरे आहेत, २ चे धन वर्गमूळ आणि ऋण वर्गमूळ. कागदाची बाजू ऋण नसते, म्हणून धन वर्गमूळ ठेवायचे. ते सुमारे १.४१४२ आहे, म्हणजे १४१ टक्के. उलट दिशेने १ भागिले १.४१४२ केले की ०.७०७१ येते, म्हणजे ७१ टक्के. ही टक्केवारी लांबीची असते. क्षेत्रफळ मात्र निम्मे होते, कारण ०.७०७१ चा वर्ग ०.५ च्या जवळ येतो.

आता ताळा, आणि तोही दुकानातल्या खऱ्या कागदावर. ए-४ कागद २९७ मिलिमीटर लांब आणि २१० मिलिमीटर रुंद असतो. तो दुमडला की २१० आणि १४८.५. प्रमाण झाले २९७ : २१० = २१० : १४८.५. कडेच्या पदांचा गुणाकार ४४,१०४.५ येतो आणि मधल्यांचा ४४,१००. चव्वेचाळीस हजारांत साडेचारचा फरक. हा फरक चुकीचा नाही. २ चे वर्गमूळ अपरिमेय आहे, म्हणून पूर्ण मिलिमीटरच्या मापांत हे प्रमाण कधीच तंतोतंत जुळणार नाही. अर्धा मिलिमीटर सोडून देऊन ए-५ ची रुंदी १४८ धरतात, तीही याच कारणाने. लीगल कागदाचे माप साडेआठ बाय चौदा इंच. तो दुमडला की साडेआठ आणि सात. कडेच्या पदांचा गुणाकार १४ × ७ = ९८, मधल्यांचा ८.५ × ८.५ = ७२.२५. इथे ताळा साफ मोडतो, आणि झेरॉक्स नीट का बसत नाही याचे कारण त्या दोन आकड्यांत दिसते.

कागदाच्या या गुणोत्तराचा विचार जुना आहे. गॉटिंगेनचे प्राध्यापक लिश्टेनबर्ग यांनी १७८६ मध्ये एका पत्रात त्याविषयी लिहिले होते. पुढे जर्मनीत १९२२ मध्ये वॉल्टर पोर्स्टमान यांच्या मांडणीवरून ए मालिकेचे प्रमाणीकरण झाले आणि तेच माप जगभर पसरले. ए-० कागदाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर धरलेले आहे. तो चार वेळा दुमडला की ए-४.

आता मूळ प्रश्नाकडे. गुणोत्तराच्या साध्या उदाहरणात वर्ग येत नाही. पाच किलो तांदूळ तीनशे रुपयांना, तर आठ किलो कितीला? हे त्रैराशिक. इथे अज्ञात एकाच जागी बसलेले असते, तिरकस गुणाकार केला की ते एका ज्ञात संख्येला भेटते आणि एका भागाकारात उत्तर हाती येते. मग कागदाच्या उदाहरणात क्ष² कुठून आला? तिथे अज्ञात दोन जागी होते आणि त्या दोन्ही जागा एकाच तिरक्या रेषेवर होत्या. पहिल्या गुणोत्तराच्या पूर्वपदात क्ष, दुसऱ्याच्या उत्तरपदात क्ष/२. तिरकस गुणाकाराने त्यांची गाठ घातली आणि क्षला क्षने गुणावे लागले.

प्रमाण लिहून झाले, की गुणाकार करण्यापूर्वी अज्ञात कुठे कुठे बसले आहे हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. ते एकाच गुणोत्तरात वरखाली असेल आणि दुसऱ्या गुणोत्तरात नुसत्या संख्या असतील, तर साधे समीकरण येईल. एका तिरक्या रेषेच्या दोन्ही टोकांना असेल, तर वर्ग येईल. चारही जागी असेल, तर दोन्ही बाजूंना वर्ग येतील आणि ते एकमेकांना काटून जाण्याचीही शक्यता असते. शेवटच्या प्रकाराचे उदाहरण पुढे येईल.

एक घरगुती उदाहरण पूर्ण करून पाहू. स्टुडिओतून आजोबांचा १२ इंच रुंद आणि १८ इंच उंच फोटो मोठा करून आणला आहे. फ्रेमवाल्याकडे त्याला चारी बाजूंनी सारख्या रुंदीचा पांढरा माउंट लावायचा आहे. फोटोचे क्षेत्रफळ आणि माउंटसकट एकूण क्षेत्रफळ यांचे गुणोत्तर १ : २ हवे, म्हणजे जेवढा फोटो तेवढीच पांढरी जागा. माउंटची रुंदी किती ठेवायची?

माउंटची रुंदी क्ष इंच माना. माउंट डावीकडेही असतो आणि उजवीकडेही, वरही आणि खालीही. म्हणून बाहेरचे माप (१२ + २क्ष) बाय (१८ + २क्ष). फोटोचे क्षेत्रफळ १२ × १८ = २१६ चौरस इंच. प्रमाण असे :

२१६ : (१२ + २क्ष)(१८ + २क्ष) = १ : २

तिरकस गुणाकार केला :

(१२ + २क्ष)(१८ + २क्ष) = ४३२

कंस सोडवले की ४क्ष² + ६०क्ष + २१६ = ४३२. सगळे एका बाजूला आणून चारने भागले :

क्ष² + १५क्ष − ५४ = ०

ज्यांचा गुणाकार −५४ आणि बेरीज १५ अशा दोन संख्या शोधायच्या. त्या १८ आणि −३. म्हणून

(क्ष + १८)(क्ष − ३) = ०

म्हणजे क्ष = ३ किंवा क्ष = −१८.

आधी ३ तपासू. बाहेरचे माप १२ + ६ = १८ आणि १८ + ६ = २४. क्षेत्रफळ १८ × २४ = ४३२. २१६ : ४३२ म्हणजे १ : २. ताळा जुळला. फ्रेम १८ बाय २४ इंचांची होईल.

आता −१८. बहुतेक जण ‘रुंदी ऋण नसते’ एवढे म्हणून ते लगेच खोडून टाकतात. खोडणे बरोबरच आहे, पण आधी एकदा ते प्रमाणात घालून पाहावे. १२ − ३६ = −२४, आणि १८ − ३६ = −१८. या दोन ऋण संख्यांचा गुणाकार पुन्हा ४३२. म्हणजे २१६ : ४३२ = १ : २ हे याही उत्तराने खरे ठरते! आकड्यांच्या ताळ्यात ते पास होते आणि अर्थाच्या ताळ्यात नापास होते, कारण उणे २४ इंच रुंदीची फ्रेम नसते. म्हणून ताळे दोन. उत्तर मूळ प्रमाणात घातल्यावर दोन्ही गुणोत्तरे सारखी येतात का, हा पहिला. त्या उत्तराने उदाहरणातली प्रत्येक वस्तू खरोखर अस्तित्वात राहते का, हा दुसरा. एक जुळला म्हणून दुसरा जुळेलच असे नाही.

याच उदाहरणात विद्यार्थ्यांची एक नेहमीची चूक होते. माउंट दोन्ही बाजूंना असतो हे विसरून बाहेरचे माप (१२ + क्ष) बाय (१८ + क्ष) लिहिले जाते. मग (१२ + क्ष)(१८ + क्ष) = ४३२ वरून क्ष² + ३०क्ष − २१६ = ० येते, त्याचे अवयव (क्ष + ३६)(क्ष − ६), आणि उत्तर ६. विद्यार्थी ताळा पाहतो : १८ × २४ = ४३२, बरोबर. पण त्याने ताळा पाहिला तो स्वतःच्या समीकरणात, आणि चूक तर समीकरण मांडतानाच झालेली होती. ते समीकरण ती चूक कशी दाखवणार? ताळा गोष्टीत पाहावा. चारी बाजूंना ६ इंचांचा माउंट लावला तर फ्रेम होईल २४ बाय ३० इंच, क्षेत्रफळ ७२०. २१६ : ७२० म्हणजे ३ : १०. मागितले होते १ : २. चूक तिथल्या तिथे सापडली.

फ्रेमबद्दल आणखी एक गोष्ट सांगून पुढे जातो. १२ : १८ हे गुणोत्तर २ : ३ आहे, पण माउंट लावल्यावर झालेले १८ : २४ हे ३ : ४ आहे. म्हणजे सारख्या रुंदीचा माउंट लावला की चौकटीची ठेवण बदलते. ती न बदलता माउंट लावता येईल का? (१२ + २क्ष) : (१८ + २क्ष) = २ : ३ असे मांडा. इथे अज्ञात एकाच गुणोत्तरात वरखाली आहे, म्हणून वर्ग येणार नाही. तिरकस गुणाकाराने ३६ + ६क्ष = ३६ + ४क्ष, आणि क्ष = ०. म्हणजे असा माउंट नाहीच.

आता तिरकस गुणाकाराचा जो धोका शाळेत सर्वांत कमी सांगितला जातो, त्याकडे वळतो. तिरकस गुणाकार हा काही स्वतंत्र नियम नाही. दोन अपूर्णांक समान असतील, तर दोन्ही बाजूंना दोन्ही छेदांनी गुणायचे, एवढीच ती क्रिया आहे. छेद उडतात आणि सपाट समीकरण हाती येते. पण छेद उडाले की छेदाबरोबर आलेली अटही उडते. छेद शून्य असता कामा नये, ही ती अट. नव्या समीकरणाला ती माहीत नसते, म्हणून मूळ प्रमाणात जे उत्तर बसूच शकत नाही तेही ते बिनदिक्कत देऊन टाकते.

उदाहरण घेऊ. एका संख्येतून १ वजा केला. त्याच संख्येच्या वर्गातूनही १ वजा केला. या दोन वजाबाक्यांचे गुणोत्तर १ : ४ आहे. ती संख्या कोणती?

(क्ष − १) : (क्ष² − १) = १ : ४

तिरकस गुणाकार : ४(क्ष − १) = क्ष² − १. सोडवून मांडले की

क्ष² − ४क्ष + ३ = ०

अवयव (क्ष − १)(क्ष − ३). उत्तरे १ आणि ३. दोन्ही धन, दोन्ही पूर्णांक. प्रश्नात लांबी नाही, वय नाही, माणसे नाहीत, त्यामुळे अर्थाच्या नावाने खोडायलाही काही कारण दिसत नाही. वर्गसमीकरणात घालून पाहिली तर दोन्ही बसतात : १ − ४ + ३ = ०, आणि ९ − १२ + ३ = ०.

आता मूळ प्रमाणात घाला. क्ष = ३ घेतल्यास २ : ८, म्हणजे १ : ४. जुळले. क्ष = १ घेतल्यास ० : ०. हे गुणोत्तरच नाही. शून्याला शून्याने भागता येत नाही, त्यामुळे त्याची किंमत १ : ४ आहे असेही म्हणता येत नाही आणि नाही असेही म्हणता येत नाही. १ हे उत्तर तिरकस गुणाकाराने बाहेरून आणलेले आहे, मूळ प्रश्नाचे नाही. उत्तर एकच, ३.

परीक्षेत ‘क्ष = १ किंवा क्ष = ३’ असे लिहून खाली दोन रेघा मारणारा विद्यार्थी पायऱ्या सगळ्या बरोबर करतो. चूक फक्त शेवटची एक पायरी न केल्याची असते. ती टाळायला वेगळी हुशारी लागत नाही. तिरकस गुणाकार करण्यापूर्वी समासात एक ओळ लिहून ठेवावी : छेद शून्य करणाऱ्या किमती. इथे क्ष² − १ शून्य होते तेव्हा क्ष = १ किंवा −१. या दोन किमती पुढे उत्तरात आल्या, तर त्या सोडून द्यायच्या. शेवटी ताळा पाहताना ही ओळ हाताशी असते.

अज्ञात चारही जागी बसलेल्या उदाहरणाचे वर म्हटले होते. ते असे : १२, १६ आणि २१ या प्रत्येक संख्येतून कोणती एकच संख्या वजा केली असता उरलेल्या संख्या परंपरित प्रमाणात येतील? परंपरित प्रमाणात पहिल्याचे दुसऱ्याशी जे गुणोत्तर, तेच दुसऱ्याचे तिसऱ्याशी. म्हणून

(१२ − क्ष) : (१६ − क्ष) = (१६ − क्ष) : (२१ − क्ष)

तिरकस गुणाकार : (१२ − क्ष)(२१ − क्ष) = (१६ − क्ष)². डावीकडे २५२ − ३३क्ष + क्ष², उजवीकडे २५६ − ३२क्ष + क्ष². दोन्हीकडचा क्ष² निघून जातो आणि उरते २५२ − ३३क्ष = २५६ − ३२क्ष, म्हणजे क्ष = −४.

इथे बरेच जण घाबरतात. वजा करायची संख्या ऋण कशी? वरच्या फ्रेमच्या उदाहरणात ऋण उत्तर टाकले, म्हणून इथेही टाकायचे का? टाकले तर हातात काहीच उरत नाही. पुन्हा मूळ प्रमाणाकडे जा. −४ वजा करणे म्हणजे ४ मिळवणे. संख्या होतात १६, २० आणि २५. १६ : २० म्हणजे ४ : ५, आणि २० : २५ म्हणजेही ४ : ५. ताळा जुळला. प्रश्नात फक्त ‘संख्या’ म्हटले आहे, तिला ऋण असण्याची मनाई कोणीही केलेली नाही. ‘ऋण उत्तर टाकावे’ असा नियम पाठ करणारा विद्यार्थी इथे बरोबर उत्तर गमावतो. टाकायचे की ठेवायचे हे प्रश्न ठरवतो, चिन्ह नाही.

या उदाहरणात घसरण्याची जागा म्हणजे (१६ − क्ष)² चा विस्तार. मधले पद विसरून २५६ + क्ष² असे लिहिले जाते. मग २५२ − ३३क्ष = २५६ येते आणि उत्तर निघते −४/३३. अपूर्णांक आला म्हणजे चूकच असे नाही, पण तो आला की ताळा आवर्जून पाहावा. १२, १६ आणि २१ मध्ये प्रत्येकी ४/३३ मिळवले की ४००/३३, ५३२/३३ आणि ६९७/३३. छेद सारखा आहे, म्हणून अंश तपासले तरी पुरते. ४०० × ६९७ = २,७८,८००, तर ५३२ चा वर्ग २,८३,०२४. जुळत नाही, म्हणून विस्तारात परत जाऊन चूक शोधायची.

वर्गसमीकरणाची दोन्ही उत्तरे खरी असण्याचेही प्रसंग येतात. काटकोन त्रिकोणात काटकोनाच्या शिरोबिंदूतून कर्णावर लंब टाकला, की त्या लंबाची लांबी कर्णाच्या दोन भागांची मध्यम प्रमाणपद असते. हे दहावीतले भूमितीमध्याचे प्रमेय. कर्ण १३ सेंमी आणि लंब ६ सेंमी असेल, तर कर्णाचे भाग किती? एक भाग क्ष, दुसरा १३ − क्ष. क्ष : ६ = ६ : (१३ − क्ष). तिरकस गुणाकाराने क्ष² − १३क्ष + ३६ = ०, उत्तरे ४ आणि ९. क्ष = ४ घेतला तर दुसरा भाग ९, आणि ४ : ६ = ६ : ९. क्ष = ९ घेतला तर दुसरा भाग ४, आणि ९ : ६ = ६ : ४. दोन्ही जुळतात आणि दोन्ही लांब्या धन आहेत. त्रिकोण एकच आहे, डावीकडून पाहिला किंवा उजवीकडून एवढाच फरक. इथे एक उत्तर खोडले तर ती चूक ठरेल.

दोन उत्तरांपैकी कोणते ठेवायचे, हा प्रश्न भास्कराचार्यांनीही हाताळला आहे. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी लिहिला. त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. बीजगणितात वर्गसमीकरणांच्या भागाला त्यांनी मध्यमाहरण म्हटले आहे. तिथे वानरांच्या टोळीचे एक उदाहरण येते. ते प्रमाणाचे नाही, पण आपल्या मुद्द्याला नेमके लागू आहे. टोळीच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग करावा, तेवढी वानरे गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसते. तर टोळी केवढी? समीकरण येते क्ष² − ५५क्ष + २५० = ०, उत्तरे ५० आणि ५. पन्नासचा पाचवा भाग दहा, तीन वजा केले की सात, सातचा वर्ग एकोणपन्नास, फांदीवरचे एक मिळवले की पन्नास. पाचचा पाचवा भाग एक, तीन वजा केले की उणे दोन, त्याचा वर्ग चार, अधिक एक, पाच. आकड्यांनी दोन्ही जुळतात. पण दुसऱ्या उत्तरात वर्ग करण्यापूर्वी उणे दोन वानरे धरावी लागतात. भास्कराचार्य ते दुसरे उत्तर घेत नाहीत, कारण ऋण संख्येतली वानरे लोकांना पटत नाहीत असे ते सांगतात. पण बाकी ठिकाणी ते दोन्ही उत्तरे टाकून देत नाहीत. टोळीच्या आठव्या भागाचा वर्ग आणि वर बारा वानरे, या दुसऱ्या उदाहरणात ४८ आणि १६ अशी दोन्ही उत्तरे ते मान्य करतात. ४८ चा आठवा भाग ६, त्याचा वर्ग ३६, अधिक १२, एकूण ४८. १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२, एकूण १६. इथे कुठेही ऋण वानर धरावे लागत नाही.

माझ्या मते शाळेत या प्रकारच्या उदाहरणांना ताळ्यासाठी वेगळा गुण हवा, आणि तो ताळा वर्गसमीकरणात न पाहता पहिल्या ओळीत लिहिलेल्या प्रमाणात पाहिलेला असला तरच द्यावा. वर्गसमीकरणात घातलेले उत्तर तिथे बसणारच, कारण ते तिथूनच निघालेले असते.

वाचकांनी करून पाहण्यासाठी दोन उदाहरणे देतो. पहिले : ८ बाय १२ इंचांच्या फोटोला चारी बाजूंनी सारखा माउंट लावायचा आहे आणि फोटोचे एकूण क्षेत्रफळाशी गुणोत्तर १ : २ हवे आहे, तर माउंट किती रुंद? दुसरे : (क्ष + ३) : (क्ष² − ९) = १ : २. दोन्हींची प्रत्येकी दोन उत्तरे निघतील आणि दोन्हींतले एकेक सोडावे लागेल. कोणते आणि कशासाठी, हे उत्तराशेजारी एका वाक्यात लिहा. दोन्ही उदाहरणांतली कारणे सारखी नाहीत.